डिझाईनचा खर्च नगावर टाकायचा की त्या मॉडेलच्या अख्ख्या लाईनच्या नावे एकदाच लिहायचा?

भोसरीचा_पान्हा

घरातलं भांडण इथे आणतोय, कारण घरात ते सुटत नाहीये. मी आणि माझा मावसभाऊ (वयाने मोठा, म्हणून पुढे दादाच म्हणतो) भोसरीत शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो. रात्री दोनला लाईट आली की अंथरुणातूनच फोन लावून मोटर चालू करायची, तो डबा. जुनं मॉडेल टू-जीवर होतं. नवं फोर-जीचं मॉडेल गेल्या वर्षी बाजारात आणलं.

नव्या मॉडेलवर बाजारात येईपर्यंत ३० लाख गेले. दोन इंजिनिअरांचा चौदा महिन्यांचा पगार १८ लाख, पीसीबीच्या म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाच्या तीन आवृत्त्या अडीच लाख, डब्याचा साचा साडेसहा लाख आणि टेस्टिंग, शेतावरच्या चाचण्या वगैरे ३ लाख. दादाने एक्सेलमध्ये मांडलं की तीन वर्षांत १०,००० नग जातील, म्हणजे नगामागे ३०० रुपये. माल आणि जोडणी मिळून २,१५०, त्यावर हे ३००, आणि डीलरला आम्ही २,९०० ला देतो. कागदावर नगामागे ४५० सुटत होते.

पहिल्या वर्षी गेले २,१००. मग दादाने आकडे फिरवले. आता तीन वर्षांत ६,००० च जातील असं धरलं. वर या वर्षीचा फर्मवेअरवाल्या मुलाचा पगार ५ लाख ४० हजार त्यात मिळवला. ३५ लाख ४० हजार भागिले ६,०००, म्हणजे नगामागे ५९०. नगाची किंमत २,७४० झाली.

नेमका त्याच आठवड्यात जालन्याकडचा एक डीलर ५०० नग २,५०० ने मागत होता, रोख. दादा म्हणाला, नगामागे २४० तोटा घेऊन धंदा करायचा नाही. ऑर्डर परत पाठवली. माझं म्हणणं, ३० लाख केव्हाच गेलेत, ते लाईनच्या नावे एकदाच लिहा आणि विसरा. कोण बरोबर?

गगनभरारी

दादा बरोबर. डिझाईनचा खर्च नगातच धरतात, जगभर. अमेरिकेचं बी-२ बॉम्बर घ्या. एका विमानाची किंमत दोन अब्ज डॉलरच्या वर सांगतात, ती याचमुळे. संशोधन धरल्याशिवाय खरी किंमत कळतच नाही. उद्या त्यांना आणखी एक बनवायचं ठरवलं तर पुन्हा दोन अब्ज लागणारच ना.

बांधावरचा

मी हाच स्टार्टर वापरतो बहुतेक, निळा डबा. २,९०० ला देता म्हणता, मग आमच्याकडे दुकानदार ४,२०० का घेतो? आणि मागच्या मे महिन्यात वीज पडली तेव्हा गेला तो गेलाच. दुकानदार म्हणाला वॉरंटीत बसत नाही.

भोसरीचा_पान्हा

भाऊ, निळा आमचा नाही, आमचा पांढरा. दुकानदाराच्या मार्जिनवर आमचा हात चालत नाही.

निवृत्त_कॉस्टवाला

पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं कॉस्टिंग केलं, त्यामुळे राहवत नाही.

आधी गगनभरारी. तुमचं पहिलं अर्ध बरोबर आहे, शेवटचं वाक्य चूक आहे, आणि सगळं भांडण त्या शेवटच्या वाक्यातच आहे. बी-२ मुळात १३२ बनवायची होती, बनली २१. डिझाईनचा खर्च तेवढाच राहिला, फक्त भागायला विमानं कमी उरली. जेवणावळीत आचाऱ्याची मजुरी ठरलेली असते. शंभर पानं उठली काय आणि वीस उठली काय, त्याला तेवढीच द्यायची. वीस पानं उठली म्हणून एकविसावं पान वाढायला कुणी पाचपट पैसे मागत नाही. २२वं विमान बनवायचं तर पत्रा, इंजिन, मजुरी लागेल, डिझाईन पुन्हा लागणार नाही. सरासरी हा झालेल्या गोष्टीचा हिशेब असतो. पुढच्या नगाला काय पडेल, हे त्यातून कळत नाही.

आता भोसरीकर. तुमच्या दादांच्या शीटमध्ये एक साप स्वतःचीच शेपटी गिळतोय. नगावरचा बोजा किती, हे विक्रीवर ठरतं. विक्री किमतीवर ठरते. आणि किंमत ते बोजा बघून ठरवतायत. विक्री घटली की बोजा वाढतो, बोजा वाढला की किंमत वाढवावीशी वाटते, किंमत वाढली की विक्री आणखी घटते. पुढची पायरी मीच सांगतो. दादा आता दर वाढवायचं म्हणत असतील.

भोसरीचा_पान्हा

काका, तुम्ही आमच्या ऑफिसात बसला होतात का? ३,१०० करू म्हणतोय. समोरच्याचा २,८५० ला आहे.

निवृत्त_कॉस्टवाला

मग समजा विक्री ६,००० ऐवजी ४,५०० वर आली. ३५ लाख ४० हजार भागिले ४,५००, म्हणजे ७८७ रुपये. नगाची किंमत २,९३७. मग आधीसारखे ४५० सुटायचे तर शीट सांगेल ३,१०० सुद्धा कमी आहेत. यात कुठेही चोरी नाही, नासाडी नाही, माल महाग झालेला नाही. नुसत्या भागाकाराने माणूस बाजाराबाहेर जातो. मी एक अख्खी पंपाची मालिका अशी बंद पडलेली बघितली आहे.

जालन्याच्या ऑर्डरचं गणित साधं होतं. २,५०० आले असते, २,१५० गेले असते. ३५० गुणिले ५००, पावणेदोन लाख हातात. हे पावणेदोन लाख त्या ३० लाखांच्या खड्ड्यातच पडले असते. दादांनी २४० चा तोटा टाळला असं त्यांना वाटतंय, प्रत्यक्षात ३५० चा फायदा सोडला.

पेठेतला

काका, गणित मान्य, पण तुम्ही कधी डीलर सांभाळलेत का? जालन्याला २,५०० ने दिलं की आठवड्यात परभणीला कळतं, पंधरवड्यात नाशिकला. मग सगळेच २,५०० मागतात. २,१०० नगांवर चारशे रुपये खाली आले तर ८ लाख ४० हजार गेले. पावणेदोन लाखांसाठी एवढं घालवायचं? दादाचं कारण चूक असेल, पण नकार चूक होता असं मी म्हणणार नाही.

निवृत्त_कॉस्टवाला

हा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे त्याला पक्कं उत्तर नाही. वेगळा डबा, वेगळं नाव, वेगळा भूगोल, काहीतरी कुंपण लागतं. पण बघा, तुम्ही नकार देताय तो बाजार बघून. दादांनी दिला तो भागाकार बघून. कुंपण घालता आलं असतं तरीही दादांच्या शीटने नाहीच म्हटलं असतं.

चाकण_नाईट_शिफ्ट

नगावर टाकणं सरसकट चूक नाही हो. आमच्याकडे तोच धंदा आहे. गाडीवाल्या कंपनीसाठी ब्रॅकेट बनवतो. डाय १२ लाखांची. परचेसवाला म्हणाला एकरकमी पैसे देणार नाही, ६०,००० नगांवर अमॉर्टाईज करा. म्हणजे नगामागे २० रुपये, इनव्हॉइसच्या दरात धरलेले. २२,००० नग गेले आणि ते मॉडेलच बंद झालं. ३८,००० गुणिले वीस, ७ लाख ६० हजार हवेत. आमच्या पीओमध्ये, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, उरलेली रक्कम कोण देणार ते लिहिलेलंच नव्हतं. आठ महिने मेल चालू आहेत. डाय रॅकवर पडून आहे, तिला तेल मात्र आम्हीच लावतोय.

उलटंही होतं. दुसऱ्या एका भागात ६०,००० पूर्ण झाले त्या महिन्यात परचेसवाल्याने न विसरता २० रुपये कमी केले. आमच्या अकाउंट्सला पत्ता नव्हता की ते वीस आपले नव्हतेच, ते डायचे होते. सहा वर्षं नफा समजून बसले होते.

निवृत्त_कॉस्टवाला

चाकणकरांची गोष्ट फार मोलाची आहे. त्यांच्याकडे आकडा दोघांनी मिळून ठरवला होता, समोरच्याने ६०,००० वर होकार भरला होता. तिथे नगावर टाकणं हा एक प्रकारचा हप्ता असतो. भोसरीकरांचे १०,००० कुणी कबूल केलेत? कुणीच नाही, दादांनी मनात धरलेत. कर्जदार नसताना हप्ता बांधल्यासारखं आहे ते. आणि चाकणकर, पुढच्या पीओत दोन ओळी घाला. इतके नग अमुक तारखेपर्यंत उचलले नाहीत तर उरलेली रक्कम एकरकमी, आणि डाय कुणाच्या मालकीची.

करबचत_गुरू

एवढी चर्चा कशाला? संशोधनावर २०० टक्के वजावट मिळते. ३० लाख घातले तर ६० लाख वजा. सीएला सांगा.

ताळेबंद

सीएच बोलतेय. प्रश्न कराचा नाहीच आहे, पण तरी. ती वाढीव वजावट आधी १५० टक्क्यांवर आली आणि एप्रिल २०२० पासून १०० टक्केच राहिली. शिवाय ती सरकारमान्य इन-हाऊस संशोधन विभाग असलेल्या कंपन्यांना होती, दोन टेबलं आणि एक सोल्डरिंग स्टेशन असलेल्यांना नव्हती.

भोसरीकर, एक विचारते. वर्षअखेरीच्या स्टॉकमध्ये तयार नग किती होते आणि ते कुठल्या दराने धरलेत?

भोसरीचा_पान्हा

४०० नग. बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये दादाने २,४५० ने धरले होते. आमच्या सीएने ३०० काढून २,१५० केले आणि ३० लाखांपैकी साचा सोडून सगळं त्याच त्या वर्षाच्या नफा-तोट्यात टाकलं. दादा त्यावरूनही चिडलाय. म्हणतो, दोन वर्षं तोटा दाखवून बँकेसमोर कसं उभं राहायचं?

ताळेबंद

तुमच्या सीएने बरोबर केलं. डिझाईनवाल्याचा मागच्या वर्षीचा पगार गोडाऊनमधल्या डब्यात शिरत नाही. ते ३०० रुपये स्टॉकमध्ये धरले की ४०० नगांमागे १ लाख २० हजारांचा नफा नुसता माल न विकता तयार होतो. गंमत बघा, जितका जास्त माल पडून राहील तितका नफा जास्त.

आता दादांच्या बाजूने. एएस २६ या हिशेबाच्या मानकाप्रमाणे शोधाशोधीचा खर्च लगेच खर्चीच टाकावा लागतो. पण वस्तू बनणार हे तांत्रिकदृष्ट्या नक्की झाल्यावर, ती विकायचा इरादा आणि ऐपत असल्यावर, खर्च वेगळा मोजता येत असल्यावर, पुढचा विकासाचा खर्च मालमत्ता म्हणून धरून काही वर्षांत फेडता येतो. नगांच्या प्रमाणातसुद्धा फेडता येतो. अडतं ते एकाच ठिकाणी. तुमचे दोन इंजिनिअर कुठल्या महिन्यापर्यंत चाचपडत होते आणि कुठल्या महिन्यापासून ठरलेलं डिझाईन पक्कं करत होते, याची नोंद आहे का?

भोसरीचा_पान्हा

नोंद कसली, व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

ताळेबंद

मग झालं. आणि एकदा खर्चात टाकलेलं पुढच्या वर्षी उचलून मालमत्ता करता येत नाही, म्हणून आता रडून उपयोग नाही. पुढच्या मॉडेलला पहिल्या दिवसापासून साधी वही ठेवा.

पण मालमत्ता करण्याचा फार मोह नको. रोल्स-रॉइसने टायस्टार विमानासाठी आरबी२११ इंजिन बनवायला घेतलं तेव्हा विकासाचा खर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून पुढे ढकलत होते. इंजिनं ठरलेल्या दराने द्यायची होती आणि खर्च अंदाजाबाहेर गेला. ताळेबंद ठणठणीत दिसत असतानाच रोख संपली आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनी बुडून रिसीव्हरच्या हातात गेली. इंजिन पुढे उत्तम निघालं, हा भाग वेगळा. अमेरिकेत १९७४ मध्ये नियम आला की असा खर्च ज्या वर्षी झाला त्या वर्षीच टाकायचा.

गगनभरारी

ट्रायस्टार, टायस्टार नाही. 🙂 पण बी-२ बद्दल काकांचं पटलं. सरासरी आणि पुढचं विमान, हे दोन मी एकच धरत होतो.

ताळेबंद

टंकनदोष. विमानं तुमची, रकाने आमचे.

निवृत्त_कॉस्टवाला

भोसरीकर, आता तुमच्यावर येतो, कारण तुम्हीही पूर्ण बरोबर नाही. एकदाच लिहा आणि विसरा, यातलं 'विसरा' मला खटकतंय. तुमच्या पहिल्या लेखात एक वाक्य घाईत गेलं, फर्मवेअरवाल्या मुलाचा पगार. तो मुलगा अजून काय करतो?

भोसरीचा_पान्हा

सगळंच. एका टॉवरखाली मॉड्यूल नेटवर्क पकडत नाही, ते बघतो. व्होल्टेज कमी असताना रिले फडफडतो, त्यावर उपाय काढतो. गेल्या महिन्यात एक रेग्युलेटर आयसी बाजारातून गायब झाला, दुसरा बसवायला पीसीबी बदलला. महिना ४५ हजार.

निवृत्त_कॉस्टवाला

म्हणजे डिझाईन संपलेलंच नाही. तुमचं डिझाईन दुभत्या जनावरासारखं आहे, विकत एकदाच घेतलंत पण वैरण रोज लागते. दादांनी वैरणीचे पैसे जनावराच्या किमतीत मिळवले, म्हणून त्यांचा आकडा ३० वरून ३५.४ झाला आणि पुढच्या वर्षी ४० च्या वर जाईल. तो रांजण कधीच रिकामा होणार नाही. तुम्ही उलट वैरणच विसरून जायला निघालात.

मी नेहमी दोन प्रश्न विचारायचो. उद्या एक नग जास्त केला तर कुठला खर्च वाढेल? फक्त २,१५०, झालंच तर वॉरंटीचा थोडा. उद्या लाईन बंद केली तर कुठला खर्च थांबेल? त्या मुलाचे ५ लाख ४० हजार. आणि ३० लाख? ते दोन्ही प्रश्नांत येत नाहीत. म्हणजे तीन वेगळे रकाने झाले. शिवाय त्यातला साडेसहा लाखांचा साचा मुळात संशोधनच नाही, ते यंत्रासारखं आहे. दहा हजार डब्यांनी तो झिजतही नसेल. पण हिशेबापुरता राहू दे आत.

पहिल्या वर्षाचं मांडा. २,९०० तून २,१५० गेले की नगामागे ७५०. २,१०० नग गुणिले ७५०, १५ लाख ७५ हजार. त्यातून चालू डिझाईनचे ५ लाख ४० हजार वजा. राहिले १० लाख ३५ हजार. ते ३० लाखांतून वजा केले की १९ लाख ६५ हजार फिटायचे बाकी. हा एकच आकडा भिंतीवर लावा. त्याने किंमत ठरवायची नाही, ऑर्डर नाकारायची नाही. तो बघायचा फक्त पुढचं मॉडेल काढायचं की नाही हे ठरवताना.

चाकण_नाईट_शिफ्ट

काका, पण असं केलं की विक्रीवाले २,१६० ला पण माल सोडतील. दहा रुपये सुटतायत ना, म्हणतील. नगावर ३०० लिहिलेले असले की निदान धाक राहतो.

निवृत्त_कॉस्टवाला

धाकासाठी खोटा आकडा नको, तळाचा दर ठरवा. पण तुमची भीती खोटी नाही. मी नोकरीच्या तिसाव्या वर्षीही विक्रीवाल्यांना शीट पूर्ण दाखवत नव्हतो.

बांधावरचा

मधेच विचारतो, पांढरा डबा विजेत टिकतो का? निळ्यापेक्षा १०० जास्त द्यायला तयार आहे. तुमचं संशोधन किती लाखांचं ते मला काय करायचंय, रिले चिकटता कामा नये.

भोसरीचा_पान्हा

सर्ज प्रोटेक्शन आहे, पण थेट वीज पडली तर कुणाचाच टिकत नाही, खोटं कशाला बोलू. अर्थिंग करून घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच असतात.

काल रात्री दादासोबत बसलो. धागा अख्खा वाचून दाखवला, पेठेतल्यांच्या प्रतिसादावर तो दोनदा 'बघ' म्हणाला. शेवटी ५९० चा रकाना काढला. वर नगाचा हिशेब, मधे लाईनचा वार्षिक, खाली १९ लाख ६५ हजारांची एकच ओळ. दर २,९०० च ठेवलाय. जालन्याच्या डीलरला फोन केला होता, त्याने दुसरीकडून ५०० उचलले.

एक अडलंय. तो आयसी बदलला त्याचा पीसीबी, पुन्हा टेस्टिंग, सगळं मिळून ८० हजार झाले. मी ते चालू वर्षाच्या वैरणीत टाकले. दादा म्हणतो, नवा बोर्ड म्हणजे नवं डिझाईन, खालच्या ओळीत मिळव. 

ताळेबंद

त्या बदलाने ग्राहकाला नवीन काही मिळालं का? नसेल तर चालू खर्च. होतं ते टिकवायला घातलेला पैसा आहे.

निवृत्त_कॉस्टवाला

पुस्तकांसाठी ताईंचं बरोबर. पण आतल्या हिशेबात मी दादांकडे झुकेन. दरवर्षी असा एखादा बोर्ड बदलावा लागला तर वैरण. तीन वर्षांतून एकदाच आला तर खालची ओळ. गेल्या टू-जी मॉडेलला किती वेळा बोर्ड बदलला होतात?

भोसरीचा_पान्हा

चार वर्षांत पाचदा. २०२१ मध्ये एकट्या मायक्रोकंट्रोलरपायी दोनदा, चिप मिळतच नव्हत्या.

दादाला हे आत्ताच सांगत नाही.